पॅकिंगचा ॲब्सेंटीझम रेट १५ टक्के की ५.४? तिमाहीचा आकडा काढायचा कसा आणि वाचायचा कसा

प्रश्न: रबाळे एमआयडीसीत एचआरला आहे, कंपनी लहान आहे. पॅकिंग डिपार्टमेंटचा जुलै ते सप्टेंबर २०२५ चा ॲब्सेंटीझम रेट काढायला सांगितलाय. माझा आकडा १५ टक्के येतोय, अकाउंट्सवाल्यांचा ५.४. मस्टर एकच आहे, मग एवढा फरक कसा? ऑगस्ट सगळ्यात वाईट दिसतोय म्हणून प्लांट मॅनेजर ऑगस्टमध्ये गैरहजर असलेल्या सगळ्यांना मेमो काढायचा म्हणतायत. हे बरोबर आहे का? नावं काढून शीट जोडलीये.

उत्तर:

शीट नीट बघितली. तुमचा आकडाही चुकलाय आणि अकाउंट्सचाही, पण दोघांची चूक वेगवेगळ्या जागी आहे. बरोबर आकडा ७.३ टक्के येतो. तो कसा येतो ते आधी सांगतो, मग मेमोचं बघू, कारण मेमोचं उत्तर त्या ७.३ च्या पोटातच आहे.

फॉर्म्युला सगळ्यांना माहीत असतो, वाया गेलेले मनुष्यदिवस भागिले ठरलेले मनुष्यदिवस गुणिले १००. भांडण असतं ते "ठरलेले" म्हणजे कुठले आणि "वाया गेलेले" म्हणजे कुठले यावर. यासाठी केंद्राच्या श्रम खात्याची एक जुनी व्याख्या आहे, मी अजूनही तीच वापरतो कारण ती फार व्यवहारी आहे. माणूस कामावर येणं अपेक्षित होतं असं कधी म्हणायचं, तर मालकाकडे काम आहे, माणसाला ते माहीत आहे, आणि तो येणार नाही असं आधीपासून धरायला काही कारण नाही, या तिन्ही गोष्टी असतील तेव्हाच. म्हणजे महिनाभर आधी अर्ज टाकून मंजूर करून घेतलेली गणपतीची रजा ही गैरहजेरी नाही, तो माणूस त्या दिवशी अपेक्षितच नव्हता, त्यामुळे ते दिवस वरूनही जातात आणि खालूनही जातात. संप, ले-ऑफ यांचंही तसंच. आणि शिफ्टचा थोडा भाग जरी आला तरी माणूस हजर धरतात, पण आजकाल हाफ डे वेगळा नोंदला जातो त्यामुळे मी तो अर्धा धरतो. तुम्ही काय धरता ते ठरवा आणि शीटच्या डोक्यावर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या तिमाहीला बदलणार नाही.

आता तुमचं काय झालं. तुम्ही मस्टरमधली प्रत्येक "आला नाही" ची खूण धरलीत, म्हणजे आधी मंजूर असलेली पीएल ८८ दिवस, आयत्या वेळच्या रजा आणि खाडे मिळून १२५, आणि मॅटर्निटी लीव्हवर असलेल्या ताईंचे अख्ख्या तिमाहीचे ७७, एकूण २९०. खाली घेतले ३० सप्टेंबरला पटावर असलेले २५ जण गुणिले ७७, म्हणजे १९२५. आले १५ टक्के. जी बाई कायद्याने सुट्टीवर आहे आणि ज्यांच्या रजा तुम्हीच मंजूर केल्यात, त्यांनाही गैरहजर धरलंत. बरं, खालचा आकडाही बरोबर नाही, कारण दोन पोरं ११ ऑगस्टला लागलीत, ती जुलैत यायची कशी?

अकाउंट्सने वरचा आकडा बरोबर घेतला, १२५, पण खाली २५ गुणिले ९२ केलं. ९२ हे कॅलेंडरचे दिवस, त्यात रविवारही आले, १५ ऑगस्टही आला आणि गणेश चतुर्थीही. रविवारी गेट बंद असताना सगळे पंचवीस "हजर" धरले गेले, मग टक्केवारी छान दिसणारच. ही चूक पगारपत्रकाच्या सवयीने होते, कारण तिथे महिन्याचे दिवस ३०-३१ च धरतात.

बरोबर हिशोब माणसागणिक होतो, डोकी गुणिले दिवस असा होत नाही. प्रत्येक माणसासाठी तो तिमाहीत किती दिवस अपेक्षित होता ते काढायचं. तुमच्याकडे सुट्टी फक्त रविवारची आणि दोन पगारी सुट्ट्या, म्हणून जुलैचे २७, ऑगस्टचे २४, सप्टेंबरचे २६, मिळून ७७. एक्सेलमध्ये जॉइनिंगची तारीख C मध्ये, सोडल्याची D मध्ये आणि दोन सुट्ट्या H2, H3 मध्ये ठेवल्या की हे होतं:

```
=NETWORKDAYS.INTL(MAX(C2,DATE(2025,7,1)),MIN(D2,DATE(2025,9,30)),11,$H$2:$H$3)
```

त्यातला 11 म्हणजे आठवड्याची सुट्टी फक्त रविवार. D रिकामा असेल तर MIN त्याला सोडून देतो, त्यामुळे चालू माणसांना वेगळं काही करावं लागत नाही. वीकली ऑफ फिरता असेल तर मात्र हा फॉर्म्युला चालणार नाही, मग रोस्टरवरूनच मोजावं लागतं.

तुमच्या शीटमध्ये पूर्ण तिमाही असलेले २२ जण आहेत, त्यांचे १६९४ दिवस. एक जण ३१ जुलैला सोडून गेला, त्याचे २७. दोन नवीन, प्रत्येकी ४२, म्हणजे ८४. मॅटर्निटीवाल्या ताई दोन्हीकडून बाहेर. झाले १८०५. त्यातून आधी मंजूर पीएलचे ८८ वजा केले की उरले १७१७. वर आजारपण ५८, आयत्या वेळची सीएल ४२, बिनमंजुरीचे २० आणि दहा हाफ डेचे ५, असे १२५. भागाकार केला की ७.२८, म्हणजे ७.३ टक्के. रविवारी ओव्हरटाइमला आलेले दिवस खाली मिळवू नका आणि त्या बदल्यात घेतलेला कॉम्प-ऑफ गैरहजेरीत धरू नका, शीटमध्ये मला तसं काही दिसलं नाही पण पुढे येईल.

महिन्याचा रेटही असाच काढायचा. जुलै ६११ पैकी ३६, म्हणजे ५.९. ऑगस्ट ५०० पैकी ५६, ११.२. सप्टेंबर ६०६ पैकी ३३, ५.४. तिमाहीचा आकडा म्हणून या तिघांची सरासरी काढू नका, ती ७.५ येते, कारण ऑगस्टचे अपेक्षित दिवस कमी असूनही त्याला बाकीच्यांइतकंच वजन मिळतं. इथे फरक थोडा आहे, पण एखाद्या महिन्यात शटडाऊन असेल तर मोठा पडतो.

एक गोष्ट मात्र आकडा पाठवायच्या आधी तपासाच. ८८ दिवस पीएल "आधी मंजूर" आहे हे कशावरून? शीटमध्ये रजेची तारीख आहे, अर्जाची तारीख नाहीये. जवळपास सगळीकडे हे चालतं की माणूस न सांगता राहतो, मस्टरला ए लागतो, आणि महिनाअखेरीला पगार कापला जाऊ नये म्हणून सुपरवायझर शिल्लक बघून तिथे पीएल टाकतो. माणसाच्या पगारासाठी ते चांगलंच आहे, पण तुमच्या रेटमधून तो दिवस गायब होतो. ज्या डिपार्टमेंटचा सुपरवायझर कनवाळू त्याचा रेट कमी आणि जो कडक त्याचा जास्त, असं उलटं चित्र येतं. सॉफ्टवेअरमधून अर्ज केल्याची तारीख काढा आणि रजेच्या दिवशी किंवा नंतर टाकलेला अर्ज असेल तर तो दिवस १२५ मध्ये घाला. उलट बाजूनेही बघा, पंच मारायला विसरलेला माणूस ए दिसतो, बायोमेट्रिकला पावसाळ्यात ओल्या बोटांचा त्रास होतोच, लाइनवर उत्पादनाच्या कागदावर त्याची सही असेल तर तो हजर होता. या दोन्ही तपासण्या झाल्या की ७.३ थोडा हलेल, तो नवा आकडा खरा समजा. पुढचं मी ७.३ धरूनच लिहितोय.

आता मेमोकडे. ११.२ टक्के बघून कोणालाही वाटेल की ऑगस्टमध्ये लोकांनी दांड्या मारल्या. पण ते ५६ दिवस कोणाचे आहेत ते शीटमध्ये खाली स्क्रोल करून बघा. त्यातले २४ दिवस एकाच माणसाचे आहेत, रिमार्कमध्ये लिहिलंय पाय फ्रॅक्चर, २१ जुलै ते ३० ऑगस्ट, ईएसआयचं सर्टिफिकेट. म्हणजे ऑगस्टचे कामाचे सगळेच दिवस तो नव्हता. एक लक्षात ठेवा, ईएसआयच्या रजेचे पैसे कॉर्पोरेशन देतं, त्यामुळे पगारपत्रकात तो बिनपगारी दिसतो, आणि बिनपगारी दिसला की कोणीतरी त्याला बिनमंजुरीत ढकलतं. तुम्ही ढकलला नाहीत हे बरं केलंत.

मग उरले ३२. त्यातले १८ हे १८ आणि १९ ऑगस्टचे आहेत, सोमवारी ४ आणि मंगळवारी १४. ते दोन दिवस कसे होते ते तुम्हालाही आठवत असेल, मंगळवारी हार्बर ठप्प होती, रुळांवर पाणी होतं. शीटमध्ये सगळ्यांना सीएल लागलीये, त्यामुळे कोडवरून काहीच कळत नाही, तारीख बघितली तरच कळतं. एका दिवशी निम्म्याहून जास्त डिपार्टमेंट आलं नाही तर त्याचं कारण माणसांच्या स्वभावात शोधायचं नसतं.

म्हणजे ऑगस्टचे "नेहमीचे" म्हणावेत असे राहिले १४ दिवस. जुलैतून फ्रॅक्चरचे १० काढले की राहतात २६. सप्टेंबरमध्ये ना फ्रॅक्चर ना पूर, म्हणून ३३ चे ३३. म्हणजे १४, २६ आणि ३३. मॅनेजरसाहेबांना जो महिना सगळ्यात वाईट दिसतोय तो नेहमीच्या गैरहजेरीत सगळ्यात चांगला आहे आणि जो सगळ्यात चांगला दिसतोय तोच बघण्यासारखा आहे. ऑगस्ट एवढा कमी का, तर माझ्या मते बरेच जण आधीच मंजूर रजेवर गावी होते, एकट्या ऑगस्टमध्ये ६० दिवस पीएल आहे, आणि ज्यांना गावी जायचं असतं ते त्याआधीची रजा आणि शब्द दोन्ही जपून ठेवतात. हा अंदाज आहे, आकडा एवढं सांगत नाही.

सप्टेंबरच्या ३३ मध्ये अजून खाली जा. ११ दिवस तिघांचे आहेत, तिघेही कोकणातले, ३ ते ६ सप्टेंबर, बिनमंजुरीचे. एक ४, दुसरा ४, तिसरा ३. शीटच्या रिमार्कमध्येच आहे की तिघांनी ६ तारखेपर्यंत रजा मागितली होती, म्हणजे अनंत चतुर्दशीपर्यंत, आणि मंजूर झाली २ तारखेपर्यंत, गौरी-गणपतीच्या विसर्जनापर्यंत. कोकण रेल्वेची गणपतीची तिकिटं कधी आणि कशी काढावी लागतात हे नवी मुंबईत कोणाला सांगायला नको. परतीचं तिकीट ७ चं काढलेल्या माणसाला तुम्ही ३ तारखेला हजर व्हायला सांगितलंत तर तो बहुतेक येणार नाही, आणि हे मंजुरी देतानाच कळत होतं. व्याख्येप्रमाणे हे ११ दिवस गैरहजेरीच आहे, त्यांना काढू नका, माणसं अपेक्षित होती आणि आली नाहीत. पण यावर उपाय मेमोचा नाही, रजा मंजूर करण्याच्या पद्धतीचा आहे. पुढच्या वर्षी मे-जूनमध्येच गणपतीच्या रजांचा तक्ता लावा, कोण कधीपर्यंत, आणि तारीख कापायची असेल तर तिकीट काढायच्या आधी कापा.

एवढं सगळं वेगळं केल्यावर तिमाहीचे १२५ असे पडतात, फ्रॅक्चर ३४, पाऊस १८, रजा वाढवलेले ११, आणि बाकीचे ६२. त्या ६२ पैकी २९ चौघांचे आहेत आणि उरलेले ३३ सगळ्यांत पसरलेत, कोणाचा एक कोणाचे दोन-तीन, पाच जणांचा एकही नाही. त्या चौघांतही दोन अगदी वेगळ्या तऱ्हा आहेत. एकाचे ९ दिवस सलग आहेत, टायफॉइड लिहिलाय. दुसरीचे ८ दिवस आहेत पण सात वेगवेगळ्या वेळी. रेटमध्ये दोघं जवळपास सारखेच, लाइनवर मात्र नाहीत. सलग ९ दिवसांसाठी दुसऱ्या दिवसापासून बदली माणूस लावता येतो. सात वेळा आयत्या वेळी सकाळी फोन आला तर सातही वेळा सुपरवायझरला लाइन नव्याने जुळवावी लागते. म्हणून मी रेटच्या शेजारी नेहमी "किती वेळा" हा एक कॉलम ठेवतो, सलग रजा म्हणजे एक वेळ. दिवस आणि वेळा दोन्ही दिसले की चित्र पुष्कळ साफ होतं.

ब्रॅडफर्ड फॅक्टर म्हणून एक प्रकार तुम्हाला कोणीतरी सुचवेलच, वेळांचा वर्ग गुणिले दिवस. त्या हिशोबाने टायफॉइडवाल्याचे ९ होतात आणि या ताईंचे ४९ गुणिले ८ म्हणजे ३९२. कोणाशी आधी बोलायचं हे ठरवायला ठीक आहे. पण त्या आकड्यावर वॉर्निंग लेटर छापायला लागलात तर ज्यांना मायग्रेन आहे, ज्यांचं डायलिसिसवालं माणूस घरात आहे, तेच सगळ्यात वर येणार. वेळा वाढतात त्या आळशीपणानेच वाढतात असं कुठल्याही फॉर्म्युल्यात लिहिलेलं नाही.

आणि हो, मॅनेजर म्हणतील की सोमवार-शनिवार जोडून दांड्या मारतात. मी तुमच्या शीटवर हे मोजलं. फ्रॅक्चर आणि पाऊस सोडून उरलेल्या ७३ दिवसांपैकी २७ सोमवारी किंवा शनिवारी आलेत. ऐकायला खूप वाटतात, तिसऱ्या हिश्श्याहून जास्त! पण तिमाहीत १३ सोमवार आणि १३ शनिवार आहेत, म्हणजे ७७ पैकी २६, सहज कोणताही दिवस पडला तरी २५ च्या आसपास तिथे पडणारच. २५ च्या जागी २७, यात काहीही नाही. सहा दिवसांच्या आठवड्यात दोन दिवस म्हणजे एक तृतीयांश होतात हे न बघता लोकांवर शिक्का मारला जातो, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

तुलनेबद्दल. मॅनेजर तुमचा ७.३ प्रॉडक्शनच्या आकड्याशेजारी ठेवतील आणि विचारतील पॅकिंग जास्त का. २४-२५ जणांच्या डिपार्टमेंटमध्ये एक पाय मोडला तर तिमाहीचा रेट दोन टक्क्यांनी चढतो, ३४ भागिले १७१७. दीडशे माणसांच्या प्रॉडक्शनमध्ये अपेक्षित दिवस दहा हजारांच्या पुढे असतात, तिथे तोच पाय ०.३ टक्का. लहान डिपार्टमेंटचा रेट उड्या मारतोच, त्यात काही बिघडलंय असं नाही. तुलना करायचीच तर गेल्या वर्षीच्या जुलै-सप्टेंबरशी करा, एप्रिल-जूनशी नको, तिथे ना पाऊस तसा ना गणपती. महिन्याची तुलनाही सांभाळून करा, २०२४ ला गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि २०२५ ला २७ ऑगस्टला, त्यामुळे ऑगस्टला ऑगस्ट लावलात तर गणपतीच्या रजा एकीकडे दिसणार आणि दुसरीकडे नाही. तिमाहीत दोन्ही येतात म्हणून तिमाही बरी. अर्थात गेल्या वर्षीचा आकडा याच व्याख्येने परत काढावा लागेल, जुन्या रिपोर्टमधला उचलू नका, तो कोणी कसा काढला होता कुणास ठाऊक.

हा रेट काय सांगत नाही हेही साहेबांना आधीच सांगून टाका. लाइन किती अडली हे तो सांगत नाही, कारण १९ ऑगस्टला चौदा जण नव्हते पण त्या दिवशी गाड्याच आल्या नसतील तर डिस्पॅचचं काही नुकसान झालं नसेल, आणि एखाद्या बुधवारी फक्त सीलिंग मशीनवालाच आला नाही तर अख्खी लाइन उभी राहते. रेटमध्ये बुधवारचा तो एक दिवस फक्त एक दिवसच असतो. अंगात ताप असताना आलेला माणूसही तो दाखवत नाही. अटेंडन्स बोनस कडक केलात की असे लोक वाढतात, रेट उतरतो, आणि मग रिजेक्शनमध्ये किंवा चारजणांना ताप पसरण्यात ते बाहेर येतं. रिकामी जागाही त्यात दिसत नाही, तुमचा एक माणूस ३१ जुलैला गेला आणि नवीन ११ ऑगस्टला आले, मधले दिवस लाइनवर हात कमीच होते पण ती गैरहजेरी नाही.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे कारण तो सांगत नाही. ठाण्याला वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात मी असताना सेकंड शिफ्टमधल्या बायकांची गैरहजेरी एका तिमाहीत दिसण्याइतकी वाढली. मॅनेजमेंटला वाटलं सुपरवायझर ढिला आहे. शिफ्टगणिक, मग पत्त्यागणिक शीट लावली तर वाढलेली सगळी नावं घोडबंदरकडच्या वस्त्यांतली निघाली. त्यांना विचारल्यावर एका वाक्यात उत्तर मिळालं, रात्रीची कंपनीची बस आधी पार तिकडपर्यंत सोडायची, ती आता स्टेशनलाच थांबायला लागली होती, आणि रात्री बाराच्या सुमारास तिथून रिक्षा मिळेना, मिळाली तर मागेल ते भाडं. खर्च वाचवायला केलेला तो बदल ट्रान्सपोर्टच्या फाइलमध्ये होता, एचआरच्या नाही. रेटने एवढंच केलं की कुठे बघायचं ते दाखवलं, आणि तेही शिफ्ट आणि पत्ता वेगळा केल्यावर. तुमच्या शीटमध्ये शिफ्टचा कॉलम आहे पण भरलेला नाहीये, तो भरा.

साहेबांना काय पाठवायचं. मी असतो तर एक पान पाठवलं असतं. वर ७.३ टक्के, त्याखाली एका ओळीत व्याख्या, त्याखाली १२५ ची ती चार भागांतली फोड, आणि महिन्यांचे दोन रेट शेजारी शेजारी, सगळं धरून आणि फ्रॅक्चर-पाऊस सोडून. फ्रॅक्चर आणि पाऊस मूळ आकड्यातून उडवू नका हं, ते दिवस खरोखर गेलेत, फक्त वेगळे दाखवा. एकदा का सोयीचे दिवस काढायची सवय लागली की पुढच्या वेळी कोणी टायफॉइडही काढेल.

मेमोबद्दल माझं स्पष्ट मत, ऑगस्टचे मेमो काढू नका. ज्याला प्लास्टर होतं त्याला, आणि हार्बर बंद होती म्हणून न आलेल्या चौदा जणांना एकाच मजकुराचं पत्र दिलंत तर वर्षभर सुपरवायझरला कोणी खरं कारण सांगणार नाही, आणि शीटमधला कारणाचा कॉलम कायमचा निकामी होईल. बोलायचं असेल तर त्या चौघांपैकी ज्यांच्या वेळा जास्त आहेत त्यांच्याशी बोला, बंद खोलीत, हातात शीट न घेता, आणि पहिला प्रश्न "का येत नाही" असा नको, "सकाळी निघताना काय अडतं" असा विचारा. सात वेळा न आलेल्या ताईंचे दिवस मी बघितले, त्यातले पाच पहिल्या शिफ्टच्या आठवड्यांतले वाटतायत पण शिफ्टचा कॉलम रिकामा असल्याने खात्रीने सांगता येत नाही. तसं असेल तर मुलाच्या शाळेची वेळ, पाण्याची वेळ, पहिली बस, असं काहीतरी असू शकतं आणि शिफ्ट बदलून सुटण्यासारखंही असू शकतं.

सुपरवायझरच्या इन्सेंटिव्हला हा रेट जोडायचा विचार चालू असेल तर तोही थांबवा. जोडला की दुसऱ्याच महिन्यात रेट खाली येईल आणि मागाहून टाकलेल्या पीएल वाढतील. वरचा अर्जाच्या तारखेचा कॉलम लावलेला असेल तर हे लगेच पकडता येतं, म्हणून तो आधी लावा. ऑक्टोबर-डिसेंबरच्या शीटमध्ये दिवाळी आहे, तिथे मागाहून टाकलेल्या रजा सगळ्यात जास्त येतात, तेव्हा या महिन्याचं मस्टर बंद व्हायच्या आत तो कॉलम सुरू करून घ्या.